आधी मिलिमीटर, मग पिक्सेल

टेबलावर दोन-तीन मॉनिटर शेजारी शेजारी ठेवले की माणसाला एक इच्छा हमखास होते : एकच मोठं चित्र सगळ्यांवर मिळून पसरावं. एखादी डोंगररांग, समुद्रकिनारा किंवा शहराचा रात्रीचा देखावा. मॉनिटर एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे असतील तर ते चार क्लिकमध्ये होतं. पण आपल्याकडे तसं क्वचित असतं. पहिला मॉनिटर पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेला, दुसरा कामाची गरज म्हणून नंतर घेतलेला मोठा, तिसरा ऑफिसातून मिळालेला. मग डोंगराची धार एका पडद्याच्या कडेला येऊन थांबते आणि पलीकडच्या पडद्यावर चार बोटं खालून पुन्हा सुरू होते. डावीकडची झाडं मोठी दिसतात, मधली बारकी. लोक सेटिंगमधले सगळे पर्याय फिरवून पाहतात आणि प्रत्येक पर्यायात काहीतरी ताणलं जातं किंवा कापलं जातं.

गेली बरीच वर्षं मी पुण्यात छोट्या स्टुडिओंना, वास्तुरचनाकारांना, शेअर बाजाराचं काम घरून करणाऱ्यांना संगणक मांडून देते. मॉनिटर कुठे, किती उंचीवर, कोणत्या केबलने जोडायचा, रंग कसे जुळवायचे ही माझी मुख्य कामं. वॉलपेपर हा त्यातला शेवटचा, हौसेचा भाग. पण मला तो मनापासून आवडतो, कारण मांडणी खरोखर नीट झाली आहे की नाही हे तो एका नजरेत सांगतो.

त्याआधी मी ऑफसेट छपाईच्या प्रीप्रेसमध्ये होते. तिथे दिवसाची सुरुवात मोजपट्टीने व्हायची. कागद किती मिलिमीटरचा, घडी कुठे येणार, कापताना कडेचं किती जाणार, हे आधी ठरायचं. चित्रात किती पिक्सेल आहेत हा प्रश्न नंतरचा. मॉनिटरच्या कामात आल्यावर पाहिलं तर सगळे उलट दिशेने जात होते. आधी पिक्सेल मोजायचे, त्यांची बेरीज करायची, तेवढ्या मापाचं चित्र शोधायचं आणि ते जुळलं नाही की संगणकाला दोष द्यायचा.

संगणकाचा दोष नसतो. त्याला फक्त पिक्सेल ठाऊक असतात. २७ इंची फोर-के मॉनिटरवर ३८४० पिक्सेल साधारण ५९७ मिलिमीटरमध्ये बसवलेले असतात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये जवळजवळ साडेसहा. शेजारचा २४ इंची म्हणून विकलेला फुल-एचडी मॉनिटर प्रत्यक्षात बहुधा २३.८ इंची असतो. त्याचे १९२० पिक्सेल ५२७ मिलिमीटरमध्ये पसरलेले, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये साडेतीनच्या थोडे वर. चित्रातलं १००० पिक्सेल रुंदीचं एक घर फोर-के पडद्यावर १५५ मिलिमीटरचं दिसतं आणि फुल-एचडीवर २७५ मिलिमीटरचं. घर तेच, पिक्सेल तेवढेच, पण डोळ्याला एक जवळजवळ पावणेदोनपट मोठं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचे जे चौकोन दिसतात तेही पिक्सेलच्या हिशेबाने काढलेले असतात. म्हणून तिथे फोर-के मॉनिटर शेजाऱ्याच्या दुप्पट उंच दिसतो आणि टेबलावर पाहावं तर फरक जेमतेम चार सेंटीमीटरचा. त्या चौकोनांवर विश्वास ठेवून चित्र बेतलं की ते बिघडणारच.

पूर्वी हा प्रश्न इतका बोचत नसे. विंडोज ७ च्या काळात अनेक पडद्यांवर एक चित्र टाकायचा वेगळा पर्यायच नव्हता. आम्ही `Tile` वापरायचो. त्यात चित्र मुख्य मॉनिटरच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू व्हायचं आणि त्याच्या डावीकडे दुसरा मॉनिटर असेल तर त्यावर चित्राचं उजवं टोक फिरून यायचं. म्हणून डाव्या मॉनिटरचा भाग कापून चित्राच्या उजव्या टोकाला चिकटवायचा, की पडद्यावर सगळं जागच्या जागी. विंडोज ८ मध्ये `Span` आलं आणि ती कापाकापी संपली. बहुतेकांचे मॉनिटर तेव्हा सारख्याच घनतेचे असल्याने `Span` पुरायचं. पुढे फोर-के मॉनिटर आवाक्यात आले, लोकांनी ते जुन्या फुल-एचडीच्या शेजारी ठेवले आणि खरी अडचण सुरू झाली. `Span` सगळ्या मॉनिटरना मिळून पिक्सेलचा एक मोठा आयत धरतं आणि चित्र त्यात भरतं. कोणत्या पडद्याचा पिक्सेल केवढा आहे, दोन पडद्यांच्या मध्ये प्लास्टिकची किती रुंद पट्टी आहे, हे ते विचारत नाही.

मी लोकांना समजावताना म्हणते : घराच्या एका भिंतीत तीन वेगवेगळ्या मापांच्या खिडक्या आहेत आणि बाहेर एक डोंगर आहे. प्रत्येक खिडकीतून डोंगराचा तुकडाच दिसतो, पण डोंगर एकच असल्याचं क्षणभरही विसरायला होत नाही. कारण दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीमागेही डोंगर चालूच असतो आणि खिडकी लहान म्हणून तो लहान होत नाही. आपल्याला नेमकं हेच करायचं आहे. मॉनिटरच्या मागे एक भलं मोठं चित्र मिलिमीटरमध्ये टांगलेलं आहे असं धरायचं, प्रत्येक पडद्याच्या मागे त्याचा जो भाग येईल तो कापायचा आणि मग तो भाग त्या पडद्याच्या पिक्सेलमध्ये बसवायचा.

एक काम सविस्तर सांगते, म्हणजे आकडे कुठून येतात ते कळेल.

ट्रेकिंगच्या वेडाचे एक गृहस्थ. त्यांनी हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचे एकापाठोपाठ एक फोटो काढून ते जोडून घेतले होते. तयार चित्र १४००० बाय ३००० पिक्सेलचं. कड्याची ती आतल्या बाजूला वळत गेलेली अर्धगोल भिंत, मागे कोकणातलं धुरकट आकाश, आणि चित्राच्या अगदी तळाशी काठावर पालथे झोपून खाली डोकावणारे त्यांचे मित्र. टेबलावर मध्ये २७ इंची फोर-के, डावीकडे २३.८ इंची फुल-एचडी आडवा आणि उजवीकडे तसाच दुसरा, पण उभा फिरवलेला. त्यांचं म्हणणं एकच : "चित्र ताणायचं नाही आणि माझा एकही मित्र कापायचा नाही."

पहिलं काम टेप घेऊन मोजणं. खोक्यावरचे इंच उपयोगाचे नाहीत. तो कर्ण असतो आणि तोही बऱ्याचदा वर ओढून छापलेला. पडद्यावर पांढरं पान उघडायचं आणि जेवढा भाग उजळतो तेवढाच मोजायचा. लिनक्सवर `xrandr` लिहिलं की मॉनिटर स्वतःचं माप मिलिमीटरमध्ये सांगतो, पण ते आकडे कधी गोल केलेले तर कधी साफ चुकीचे असतात. म्हणून टेप हवाच. इथे डावा ५२७ बाय २९६.५, मधला ५९७ बाय ३३६, उजवा उभा असल्याने २९६.५ बाय ५२७ मिलिमीटर भरला. दोन उजळ भागांमधली काळी पट्टी दोन्हीकडे १६ मिलिमीटर. आता उंची. उजवा सर्वांत उंच, म्हणून त्याच्या वरच्या कडेला शून्य धरलं. मधल्याची वरची कड तिच्या ११० मिलिमीटर खाली, डाव्याची १३० खाली. हे मोजताना मी एक लांब पट्टी आडवी धरून तिच्यावर पाणसळ ठेवते, कारण टेबलं सरळ असतातच असं नाही. मोबाइलमधलं पाणसळही चालतं.

आता सगळं मिळून आयत झाला १४५२.५ बाय ५२७ मिलिमीटरचा. त्याला पिक्सेलचं रूप द्यायचं तर टेबलावरच्या सर्वांत दाट पडद्याची घनता घ्यावी, म्हणजे कुठेही चित्र फुगवावं लागत नाही. फोर-केचे ३८४० पिक्सेल भागिले ५९७, म्हणजे मिलिमीटरला ६.४३२. या हिशेबाने मूळ पट ९३४२ बाय ३३९० पिक्सेलचा झाला. प्रत्येक माप ६.४३२ ने गुणायचं, बस.

इथे थांबून विचार करायला लागतो, आणि सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवते. या पटात चित्र ठेवायचं कुठे?

"न कापता" या मागणीचं खरं उत्तर असं आहे, की तिन्ही पडद्यांची उंची वेगळी असेल तर पूर्ण आयत कधीच दिसत नाही. डाव्या मॉनिटरच्या वर आणि खाली नुसती खोलीची भिंत आहे. तिथे चित्राचा जो भाग येईल तो गेला. म्हणून मी आधी सामाईक पट्टा शोधते, म्हणजे जो उंचीचा भाग प्रत्येक पडद्यावर आहे तो. इथे डावा मॉनिटर सर्वांत बुटका आणि इतर दोघांच्या उंचीत पूर्ण सामावलेला, त्यामुळे सामाईक पट्टा म्हणजे त्याचीच उंची : वरून १३० पासून ४२६.५ मिलिमीटरपर्यंत. महत्त्वाचं जे काही आहे ते या २९६.५ मिलिमीटरमध्ये बसलं, तर ते उंचीच्या बाजूने कुठेही कापलं जाणार नाही.

कोकणकड्याचं चित्र १४ ला ३ या प्रमाणातलं. ते पूर्ण रुंदीत, म्हणजे १४५२.५ मिलिमीटरमध्ये बसवलं तर उंची ३११ होते, सामाईक पट्ट्यापेक्षा १५ मिलिमीटरने जास्त. डाव्या पडद्यावर वरचं-खालचं मिळून तेवढं जाणार, आणि मित्र तर अगदी तळाशी. उलट उंची २९६.५ धरली तर रुंदी सुमारे १३८४ होते आणि दोन्ही बाजूंना मिळून सात सेंटीमीटरच्या आसपास जागा मोकळी राहते. त्यांनी दुसरा पर्याय घेतला. पिक्सेलमध्ये चित्र ८८९९ बाय १९०७ झालं, आणि आडवी ४४३ पिक्सेलची मोकळीक हातात राहिली.

ती मोकळीक लगेच कामी आली. चित्र बरोबर मध्यभागी ठेवल्यावर एका मित्राचं डोकं नेमकं डाव्या आणि मधल्या मॉनिटरमधल्या काळ्या पट्टीखाली जात होतं. चित्र १२० पिक्सेल उजवीकडे सरकवलं, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम १९ मिलिमीटर, आणि डोकं मधल्या पडद्यावर आलं. म्हणून थोडी मोकळीक ठेवून चित्र निवडावं असं मी सगळ्यांना सांगते. काठोकाठ बसणारं चित्र दिसायला सोयीचं वाटतं, पण ते कुठेच हलवता येत नाही.

उरलेला भाग भरायचा होता. उजव्या उभ्या पडद्यावर चित्राच्या वर १३० आणि खाली १०० मिलिमीटर, मधल्यावर वर-खाली दोन-दोन सेंटीमीटर, आणि दोन्ही टोकांना थोडं थोडं. इथे लोक चित्राचा आरसा लावतात किंवा ते धूसर करून मागे पसरवतात. मला ते आवडत नाही. डोळा लगेच तिकडे जातो. आकाश वर आहे, मग चित्राच्या वरच्या कडेचा रंग उचलून तो वर हळूहळू गडद करत न्यायचा. खाली काठाचं गवत आणि कातळ आहे, तो रंग काळपट करत विरवायचा. गिंपमध्ये ग्रेडियंटने हे सहज होतं. त्यावर अगदी हलका नॉइज टाकायचा, नाहीतर आकाशात पट्ट्या पट्ट्या दिसतात. दोन्ही टोकांना मात्र हात जपून चालवावा लागतो, तिथे कड्याची रेघ आहे; ती पुढे क्लोन करून न्यायची, ओढून नाही.

मग कापणी. इमेजमॅजिकच्या तीन ओळींत ती होते. पहिले दोन आकडे तुकड्याची रुंदी-उंची, पुढचे दोन पटावरची जागा :

```
magick pat.png -crop 3390x1907+0+836 +repage -resize "1920x1080!" dava.png
magick pat.png -crop 3840x2160+3493+708 +repage madhla.png
magick pat.png -crop 1907x3390+7435+0 +repage -resize "1080x1920!" ujva.png
```

मधला तुकडा जसाच्या तसा आहे, कारण पट त्याच्याच घनतेचा. बाजूचे दोन लहान होतात. उद्गारचिन्हाने माप सक्तीने बसतं. एरवी मी ते वापरू देत नाही, पण इथे तुकड्याचं प्रमाण आधीच १६ ला ९ असल्याने ताण पडतो तो पिक्सेलच्या अंशाएवढा. तुकड्याचं प्रमाण आणि पडद्याचं प्रमाण जुळतंय ना, हे मात्र आधी भागाकार करून पाहायचं. ३३९० भागिले १९०७ आणि १९२० भागिले १०८०, दोन्ही १.७७८. ते जुळत नसेल तर मोजमाप चुकलं आहे, आणि ते उद्गारचिन्हाने लपवू नये.

लावताना मी विंडोजवर `Span` न वापरता प्रत्येक मॉनिटरला त्याचा तुकडा वेगळा लावते. सेटिंगमधल्या पार्श्वभूमीच्या पानावर चित्राच्या छोट्या चौकोनावर उजवी क्लिक केली की ते कोणत्या मॉनिटरवर लावायचं हे विचारलं जातं. याचा मोठा फायदा असा, की डिस्प्ले सेटिंगमधले चौकोन मग कसेही ठेवता येतात. ते माऊस एका पडद्यावरून दुसऱ्यावर कुठून जावा यासाठी हवे तसे सरकवावेत. चित्राला धक्का लागत नाही. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून फोर-केवर १५० टक्के स्केलिंग ठेवलेलं असलं तरीही वॉलपेपर पडद्याच्या खऱ्या पिक्सेलवरच बसतो. मॅकवर एक चित्र सगळ्या पडद्यांवर पसरायची सोयच नाही, तिथे तुकडेच लावावे लागतात. केडीईवरही प्रत्येक पडद्याला वेगळं चित्र देता येतं. ज्यांना गणित नकोच असतं त्यांना मी सुपरपेपर हे मोफत साधन सुचवते. त्यात पडद्यांची घनता आणि मधल्या पट्ट्यांची मापं भरता येतात. पण टेप घेऊन मोजण्याला तिथेही पर्याय नाही.

विंडोजची एक सवय ठाऊक असावी. जेपीजी चित्र वॉलपेपर म्हणून लावलं की विंडोज त्याची स्वतःची, दर्जा थोडा उतरवलेली प्रत बनवतं आणि ती दाखवतं. आकाशासारख्या सपाट रंगांत ते कळतं. दर्जा पूर्ण ठेवायचा असेल तर ही ओळ चालवून चित्र पुन्हा लावायचं :

```
reg add "HKCU\Control Panel\Desktop" /v JPEGImportQuality /t REG_DWORD /d 100 /f
```

आता तपासणी. माझ्या कामाला खरं वळण मिळालं ते इथे. सुरुवातीच्या काळात मी गिऱ्हाइकाचं चित्रच लावून पाहायची आणि डोंगराची रेघ जुळते का ते बघायची. पण डोंगराची रेघ वाकडी-तिकडी असते. ती चुकली तर काय चुकलं ते सांगत नाही. छपाईत आम्ही कागदाच्या कडेला रंग जुळवायच्या खुणा छापायचो आणि त्या बघूनच मशीन चालवायचो. एका स्टुडिओत रात्री उशिरापर्यंत दोन पडद्यांशी झटताना ते आठवलं आणि मी तसाच एक तक्ता बनवला. तेव्हापासून आधी तक्ता, मग चित्र.

तक्ता अगदी साधा. मूळ पटाच्या मापाचं पांढरं पान. त्यावर दर ५० मिलिमीटरला आडव्या-उभ्या रेघा, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणाऱ्या दोन तिरक्या रेघा आणि प्रत्येक काळ्या पट्टीवर मधोमध येईल असं एक मोठं वर्तुळ. हे पान चित्रासारखंच कापून लावायचं आणि पडद्यासमोर लांब पट्टी किंवा ताणलेला दोरा धरायचा.

मग तक्ता स्वतः बोलतो. आडवी रेघ पट्टी ओलांडताना वर किंवा खाली उडी मारत असेल तर उंची चुकली. उडी जेवढी, तेवढाच आकडा बदलायचा. आडव्या रेघा जुळताहेत पण तिरकी रेघ तुटते आहे, तर मधल्या काळ्या पट्टीचं माप चुकलं. आडव्या रेघा कडेला जुळून पुढे हळूहळू फाकत जात असतील तर मॉनिटरच स्टँडवर तिरका बसला आहे. तिथे चित्राला हात लावायचा नाही, स्क्रू ढिला करायचा. आणि पट्टी पडद्याला लावल्यावर चौकोन ५० ऐवजी ४८ मिलिमीटरचा भरला तर त्या पडद्याचं माप घेताना उजळ भागाऐवजी चौकट धरली गेली आहे. वर्तुळ अंड्यासारखं दिसलं तर कुठेतरी प्रमाण मोडून ताण पडला आहे, किंवा मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्यूशनवर चालत नाही. ही शेवटची गोष्ट सेटिंगमध्ये आधी पाहावी. जुन्या केबलमुळे फोर-के मॉनिटर कमी रिझोल्यूशनवर चालू असल्याची उदाहरणं मी कितीतरी पाहिली आहेत, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

काळ्या पट्टीमागचा भाग लपवायचा की नाही, यावर मात्र माझं मत बदललं आहे. पूर्वी मी आग्रहाने लपवायचीच, कारण रेघ सरळ जाते. मग एका घरी एका आजोबांच्या पंचाहत्तरीचा सगळ्या कुटुंबाचा फोटो दोन पडद्यांवर लावायचा होता. माणसं खांद्याला खांदा लावून उभी. फोटो कितीही सरकवला तरी कुणाचा तरी कान, कुणाचा गाल पट्टीखाली. आजोबांची सून म्हणाली, "ताई, रेघ राहू दे, चेहरे दिसू देत." मी पट्टीचं माप शून्य केलं. खांद्याची ओळ पट्टीपाशी किंचित तुटल्यासारखी झाली, पण सगळे चेहरे पूर्ण दिसू लागले. तेव्हापासून मी आधी विचारते : या चित्रात रेघ महत्त्वाची आहे की ऐवज? डोंगर, रस्ते, इमारती, समुद्राची कड यांत पट्टी धरावी. माणसं, अक्षरं, नकाशे असतील तर धरू नये. दोन्ही एकदम मिळत नाही, कारण त्या प्लास्टिकवर चित्र दाखवता येत नाही.

काही अडचणी मापाच्या नसतात, पण तशा भासतात. दोन पडद्यांचे रंग वेगळे असले की एकाच आकाशाचा निळा मधोमध बदलतो आणि माणूस म्हणतो, चित्र नीट बसलं नाही. तिथे आधी दोन्हींची उजळपणाची पातळी आणि पांढरा रंग जुळवावा लागतो. स्वस्त आणि महाग पॅनेलमध्ये तो पूर्ण जुळतही नाही. बाजूचे मॉनिटर आतल्या बाजूला वळवून ठेवले असतील तर मी पडद्याच्या पृष्ठभागावरूनच मापं घेते, जणू चित्र तिथे दुमडलं आहे. मध्ये बसणाऱ्याला ते ठीक दिसतं. शेजारी उभं राहून पाहणाऱ्याला थोडं तुटलेलं दिसतं, त्याला इलाज नाही.

सगळ्यात त्रास होतो तो रोज काढून नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपचा. लॅपटॉपचा पडदा लहान, दाट, खालच्या पातळीवर आणि मागे कललेला. पुन्हा तो रोज थोडा वेगळ्या जागी ठेवला जातो. एका वास्तुरचनाकार बाईंनी लॅपटॉपही चित्रात हवा म्हणून खूप आग्रह केला. मी टेबलावर चिकटपट्टीने त्याची जागा आखून दिली आणि बसवून दिलं. पण त्या स्वतःच काही दिवसांनी म्हणाल्या, की पडदा रोज त्याच कोनात उघडणं होत नाही. आता लॅपटॉपवर मी मोठ्या चित्राच्या आकाशातला एक सपाट रंग लावते आणि चित्र फक्त स्थिर मॉनिटरवर ठेवते. लॅपटॉप काढला तरी मोठं चित्र जागेवर राहतं. `Span` वापरलं असतं तर एक पडदा कमी होताच आयत बदलून सगळं पुन्हा मोठं-लहान झालं असतं.

कोकणकड्याचे ते गृहस्थ पुढे मॉनिटर लोखंडी हातांवर बसवून घेणार म्हणाले. मी त्यांना मूळ पट, तक्ता आणि एक कागद देऊन ठेवला होता. त्या कागदावर प्रत्येक मॉनिटरची रुंदी, उंची, वरच्या कडेचं अंतर आणि मधल्या पट्ट्या मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या. हातांवर गेल्यावर पडद्यांची रुंदी-उंची तीच राहिली. फक्त उंचीचे दोन आकडे आणि एका बाजूची पट्टी बदलली, १६ वरून २२ झाली, कारण हाताचा सांधा आड येत होता. पट्टी वाढली तेवढा पट रुंद केला, डावा मॉनिटर अजूनही इतर दोघांच्या उंचीत सामावलेला आहे ना ते पाहिलं, चित्र त्याच्या नव्या उंचीला सरकवलं आणि फोनवर नवे आकडे सांगितले. त्यांनी आधी तक्ता लावून दोरा धरला, तिरकी रेघ जुळली, आणि मग तुकडे कापले.